सौद्याआधी लिहायची वही

सौद्याची वेळ, भाव, शेअरची संख्या, दलाली, कर हे सगळं ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये येतंच. तेच पुन्हा वहीत उतरवून काही हाती लागत नाही. ट्रेडिंग जर्नलमध्ये लिहायचं ते त्या नोटमध्ये नसलेलं: हा सौदा का घेतोय आणि अंदाज चुकला तर कुठे बाहेर पडायचं. तेही ऑर्डर टाकण्याआधी. निकाल कळल्यावर लिहायला बसलं, की मन सोयीचं कारण शोधून देतं.

समजा, एक शेअर ५०० रुपयांना घेतला, स्टॉपलॉस ४९० चा, टार्गेट ५२० चं आणि संख्या १००. म्हणजे जोखीम १,००० रुपयांची. हा आकडा सौद्याचं माप. ५०६ ला घाईने विकलं, तर जोखमीच्या ०.६ पट नफा. भाव घसरताना स्टॉपलॉस खाली सरकवला आणि ४८३ ला सुटका करून घेतली, तर १.७ पट तोटा. सौदा मोठा असो वा छोटा, या पटीमुळे सगळे एका मापात येतात.

आता तेवढ्याच जोखमीचे ४० सौदे झाले असं धरू. २४ नफ्यात, सरासरी ६०० रुपये. १६ तोट्यात, सरासरी १,२००. निम्म्याहून जास्त वेळा अंदाज बरोबर, तरी हिशेब ४,८०० रुपयांनी उणे. दलाली आणि कर वेगळेच. तोट्याचे सौदे कारणांनुसार वेगळे काढले, की दिसतं: सहा वेळा स्टॉपलॉस सरकवला होता आणि दर वेळी सरासरी १,७०० गेले. ते सहा १,००० वर थांबले असते, तर ४,२०० वाचले असते. तरीही ६०० चा तोटा उरतोच, कारण नफा फार लवकर काढला जातोय.

मग नफा जास्त वेळ धरून ठेवायचा का? अंदाजाने ठरवू नका. त्यासाठी वहीत आणखी एक रकाना हवा: आपण विकल्यानंतर भाव आधी कुठे पोचला, टार्गेटला की स्टॉपलॉसला? बहुतेक वेळा स्टॉपलॉसला पोचला असेल, तर घाई नव्हे, टार्गेटच चुकीचं आहे.

आढावा आठवड्याला घ्यावा, पण पाच-सहा सौद्यांवरून निष्कर्ष काढू नये. तेवढ्यात योगायोगही नियमासारखा दिसतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पुढच्या तितक्याच सौद्यांत ती तपासावी.

नियम पाळूनही, खर्च वजा जाता हिशेब उणेच राहिला, तर दोष शिस्तीचा नाही, पद्धतीचा आहे. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. वहीने असा कौल दिला, तर ती पद्धत त्याच दिवशी बंद करा.