सोमवार, बुधवार, शुक्रवार

"मी मूत्रपिंडाच्या आजाराने त्रस्त असून माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही विनंती." डायलिसिसवर असलेला कामगार पाळी बदलून मागतो तेव्हा त्याचा अर्ज अनेकदा एवढ्यावरच आटोपतो. वाचणाऱ्या साहेबांना वाईट वाटतं, पण पाळ्यांचा तक्ता लावायला बसल्यावर या अर्जाचा त्यांना काही उपयोग होत नाही. कोणते दिवस, किती वाजता सुटायचं, किती दिवसांसाठी, यातलं काहीच त्यात नसतं.

एक उदाहरण घेऊ. चाकणच्या बाजूला एका कारखान्यात मशीन ऑपरेटर आहे. आठवड्याला पाळी फिरते: सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा, मग रात्रपाळी. त्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिस सांगितलंय आणि सेंटरवर जागा मिळालीय ती सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी पाच ते नऊ. ही जागा पक्की असते, कारण त्याच मशीनवर सकाळपासून एकामागून एक पेशंट लागलेले असतात. म्हणजे एका बाजूला दर आठवड्याला फिरणारी पाळी आणि दुसऱ्या बाजूला न हलणारी वेळ. खरी अडचण ही आहे, आणि अर्जाच्या पहिल्या ओळीत तीच यायला हवी.

दुसरी चूक "चार तास" लिहिण्याची. मशीन चार तास चालतं हे खरं, पण माणूस त्याआधी अर्धा तास पोचतो. वजन होतं, बीपी बघतात, हातात दोन जाड सुया जातात. नऊ वाजता सुया निघाल्या की रक्त थांबेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जागा दाबून धरावी लागते. मग पुन्हा वजन, पुन्हा बीपी आणि घरचा रस्ता. अर्जात चार तास लिहिले की सुपरवायझर साडेचारला सोडतो, पेशंट उशिरा पोचतो आणि पुढचा पेशंट बाहेर थांबलेला असल्याने त्याचं डायलिसिस तीन-सव्वातीन तासांत उरकावं लागतं.

त्या उरकण्याची किंमत वजनकाट्यावर दिसते. लघवी होत नाही किंवा फार कमी होते, त्यामुळे दोन डायलिसिसच्या मधलं पाणी अंगातच साठतं. डॉक्टरांनी 'ड्राय वेट' 58 किलो ठरवलं असेल आणि काटा 61 दाखवत असेल, तर तीन किलो पाणी काढायचं असतं. ते घाईने ओढलं की बीपी पडतो, पायात गोळे येतात. न काढता राहिलं तर पाय सुजतात आणि रात्री आडवं पडलं की दम लागतो.

म्हणून या ऑपरेटरने मागणी अशी लिहावी: "सोमवार, बुधवार व शुक्रवारी मला कायम पहिली पाळी द्यावी, मंगळवार, गुरुवार व शनिवारी जनरल पाळी, नऊ ते साडेपाच, द्यावी. रात्रपाळीतून वगळावे. माझे आठवड्याचे कामाचे तास पूर्वीइतकेच राहतील." शेवटचं वाक्य सगळ्यात वजनदार आहे. वर्षाला 156 वेळा डायलिसिस म्हणजे रजा टाकून भागणारी गोष्ट नाही, आणि इथे रजा मागितलेलीच नाही. जनरल पाळीचं कारणही लिहावं: आदल्या रात्री घरी पोचायला दहा वाजून जातात, अंगातलं त्राण गेलेलं असतं, आणि सकाळी सातला चालू मशीनवर चक्कर आली तर धोका त्याला एकट्याला नसतो.

एक ओळ हातासाठी. डायलिसिससाठी मनगटाजवळ किंवा कोपरापाशी रोहिणी आणि नीला जोडून फिस्टुला केलेला असतो. तिथे बोटं टेकवली की घरघर जाणवते. ती थांबली तर फिस्टुला बंद पडला असं समजून लगेच सेंटरला कळवायचं असतं. त्या हाताने जड उचलायचं नाही, त्यावर घट्ट पट्टा किंवा घड्याळ नको. स्टोअरमधून जड पेट्या आणण्याचं काम दुसऱ्याकडे द्यावं, असं अर्जात स्पष्ट लिहावं.

कायद्याचा दाखला मात्र जपून द्यावा. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये 21 प्रकारचं दिव्यांगत्व मोजलं आहे; थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल त्यात आहेत, मूत्रपिंड निकामी होणं नाही. केवळ डायलिसिसवर आहे म्हणून त्या कायद्याखाली सवलत मागता येत नाही, आणि हे फार टोचणारं आहे. त्यामुळे अर्जाचा सगळा भार कागदांवर येतो: नेफ्रॉलॉजिस्टचं प्रमाणपत्र आणि वार-वेळ लिहिलेलं सेंटरचं पत्र.

मुदतही घालावी. "ही व्यवस्था तीन महिने करून पाहावी, नंतर आढावा घ्यावा" असं लिहिलं की साहेबांना होकार देणं सोपं जातं. सेंटरने वेळ बदलली तर आपण त्याच दिवशी कळवू, हेही त्यात यावं. दोन प्रती काढाव्यात, एक मनुष्यबळ विभागात द्यावी आणि दुसरीवर तारखेसह पोच घ्यावी. उद्या सुपरवायझर बदलला आणि तक्त्यात पुन्हा रात्रपाळी लागली, तर दाखवायला तोच कागद हाताशी असतो.