टीएमएस म्हणजे ‘शॉक’ नव्हे

घरातल्या कुणाचे मन महिनोन्महिने खचलेले असते. औषध बदलूनही उतार पडत नाही. मग डॉक्टर ‘टीएमएस’चे नाव काढतात आणि घरचे घाबरतात, “म्हणजे शॉक देणार का?” वाचकहो, या दोन उपचारांतला फरक आपण नीट समजून घेऊ.

शॉक म्हणजे ईसीटी. यात रुग्णाला उपाशीपोटी भूल देतात, स्नायू सैल करणारे औषध देतात आणि विजेने मुद्दाम फिट आणतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने या दोन औषधांशिवाय शॉक देण्यास मनाई केली आहे. आठवड्यातून दोन-तीनदा, असे साधारण ६ ते १२ वेळा हा उपचार होतो. त्या काळातल्या काही आठवणी पुसट होऊ शकतात.

टीएमएसमध्ये भूल नसते आणि फिट आणायची नसते. खराडीत राहणारी एक भगिनी समजा. दोन औषधे पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही तिचे नैराश्य हटत नाही. पण ती खाते-पिते, भ्रम नाहीत. असा रुग्ण टीएमएसला योग्य. ती खुर्चीत जागी बसते. डॉक्टर डोक्याला कॉइल लावून चुंबकीय ठोके देतात आणि किती जोराला अंगठा हलतो ते पाहून तिची मात्रा ठरवतात. मग कॉइल कपाळामागे डाव्या बाजूला ठेवतात. ठोक्यांची टकटक होते, म्हणून कानात बोळे घालतात. जुन्या पद्धतीत एका बैठकीला सुमारे ३७ मिनिटे लागतात, नव्या पद्धतीत तीनच. डोके दुखू शकते; पण ती लगेच घरी जाऊ शकते. अडचण एकच : आठवड्याचे पाच दिवस, चार ते सहा आठवडे जावे लागते.

स्कार्फच्या पिना, कानातले आधी काढावे. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल, तर हा उपचार करत नाहीत. पूर्वी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे. टीएमएसने फिट येणे दुर्मीळ आहे, पण जागरणाने तो धोका वाढतो. म्हणून रमजानमध्ये तरावीह आणि सहरीमुळे झोप अपुरी होत असेल, तर तेही सांगावे. गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात, गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

आता तीच भगिनी अन्नपाणी सोडून निपचित पडली, तिला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले किंवा ती जीव देण्याच्या गोष्टी बोलू लागली, तर टीएमएसच्या परिणामासाठी आठवडे थांबता येत नाही. तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. तिथे डॉक्टरांनी ईसीटी सुचवली तर घाबरून नाकारू नये. अशा अवस्थेत तोच अधिक प्रभावी आणि लवकर गुण देणारा उपचार आहे.