नाव खोडले तरी दाता ओळखता येतो

विश्वस्तांसाठी काढलेला देणग्यांचा साप्ताहिक गोषवारा म्हणजे कोणत्या मोहिमेला आठवड्याभरात किती दात्यांकडून किती रक्कम आली, हे सांगणारा एक पानी तक्ता. पैसा कोणत्या कामाला मिळतो आहे आणि कोणते काम मागे पडले आहे, हे विश्वस्तांना त्यावरून कळते. त्यासाठी दात्याचे नाव लागत नाही, म्हणून नावाचा रकाना बहुधा काढून टाकलेला असतो. आणि मग ठरलेले वाक्य येते: ‘नावे काढली आहेत, आता कोण ओळखणार?’ हे वाक्य कितीही वेळा म्हटले तरी खरे ठरत नाही.

समजा, एका विश्वस्त संस्थेच्या तीन मोहिमा चालू आहेत. या आठवड्यात वसतिगृहाच्या बांधकामाला ४२ दात्यांकडून १,८६,००० रुपये आले, शालेय साहित्याला ३१ दात्यांकडून ४७,५०० आणि डायलिसिसच्या मदतीला २ दात्यांकडून ५१,०००. तक्त्यात एकही नाव नाही. पण डायलिसिसच्या दोन दात्यांपैकी एक जण स्वतः विश्वस्त आहे आणि त्याने १,००० रुपये दिले आहेत. उरलेल्या एकट्या दात्याचे ५०,००० त्याला तक्ता पाहताक्षणी कळतात. गावात कोणाच्या घरी डायलिसिस चालू आहे हे त्याला माहीत असेल, तर हा दाता कोण, याचा अंदाज बांधायला फार वेळ लागत नाही. देणगीच्या रकमेबरोबर एका घरातले आजारपणही उघडे पडते.

यावर सुचवला जाणारा पहिला उपाय म्हणजे पाचपेक्षा कमी दाते असलेल्या मोहिमेची रक्कम झाकणे. विचार योग्य आहे, पण अर्धवट. खाली एकूण बेरीज २,८४,५०० छापलेली असते. तीतून दिसणाऱ्या दोन रकमा वजा केल्या की झाकलेले ५१,००० पुन्हा समोर येतात. एकच आकडा झाकून काहीच झाकले जात नाही. त्यापेक्षा लहान मोहीम दुसरीत मिळवावी: शालेय साहित्य आणि डायलिसिस मिळून ‘इतर मोहिमा’, ३३ दाते, ९८,५०० रुपये. बेरीज जुळते आणि डायलिसिसचा आकडा वेगळा काढता येत नाही.

तरीही एक फट राहते, ती म्हणजे एप्रिलपासूनच्या एकत्रित जमेचा रकाना. मागच्या आठवड्याच्या पानावर डायलिसिसपुढे ३,१२,००० आणि या पानावर ३,६३,००० असेल, तर दोन कागद शेजारी ठेवले की तेच ५१,००० दिसतात. म्हणून एकत्रित जमासुद्धा त्याच गटाने द्यावी. नवा गोषवारा पाठवण्यापूर्वी मागच्या पानाशी वजाबाकी करून पाहणे, हीच त्याची खरी तपासणी. ‘सर्वांत मोठी देणगी’ हा रकाना तर ठेवूच नये. तो एका माणसाचाच आकडा असतो. दाते ४२ असले तरी १,८६,००० पैकी बहुतांश रक्कम एकाचीच असेल, तर नुसती दात्यांची संख्या संरक्षण देत नाही.

ही भीती काल्पनिक वाटत असेल, तर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचे उदाहरण पाहावे. तेथे सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावे काढून संशोधनासाठी दिल्या होत्या. लतान्या स्वीनी यांनी जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड यांचा मतदार यादीशी मेळ घालून त्यांतून गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची व्याख्याही नावावर थांबत नाही: ज्या माहितीवरून किंवा जिच्या संदर्भाने व्यक्ती ओळखता येते, ती वैयक्तिक माहिती.

नावाऐवजी पावती क्रमांक दिला तर चालते, हाही गैरसमजच; पावतीपुस्तक ज्याच्या हाती, त्याला तो क्रमांक नावासारखाच. मोबाइल क्रमांकाचे सांकेतिक रूपही सुरक्षित नसते, कारण दहा अंकी सर्व शक्य क्रमांक संगणक एकामागून एक ताडून पाहू शकतो.

विश्वस्तांना सर्व काही पाहण्याचा हक्क आहे, मग लपवायचे कशाला, असेही विचारले जाते. रीतसर कारण असेल तेव्हा कार्यालयात बसून पावत्या तपासणे वेगळे आणि दर सोमवारी मोबाइलवर पुढे सरकत जाणारा कागद वेगळा.

गुप्तदान म्हणजे नोंदच न ठेवणे, ही समजूत मात्र संस्थेला महागात पडू शकते. दात्याचे नाव आणि पत्ता संस्थेच्या दप्तरी नसेल, तर आयकर कायदा ती देणगी निनावी धरतो आणि ठरावीक मर्यादेपलीकडे तिच्यावर कर लागू शकतो. दात्याने गुप्तता मागितली, तर नोंद दप्तरात पूर्ण ठेवायची आणि गोषवाऱ्यात फक्त मोहिमेच्या बेरजेत धरायची.