साचा तिचा, इल्जाम एआयचा

आमच्या ओळखीतल्या एका घरातली मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला डिस्लेक्सिया आहे, तसं सर्टिफिकेटही आहे. मागच्या सत्रात तिची इंग्रजी असाइनमेंट सॉफ्टवेअरने ‘एआयने लिहिलेली’ ठरवली. तिचे अब्बू कागद घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, “चार रात्री जागून लिहिलंय हो पोरीनं.”

आम्ही वाचून पाहिलं. प्रत्येक परिच्छेद एकाच साच्यातला. आधी ‘द फर्स्ट रीझन इज’, मग ‘फॉर एक्झाम्पल’, शेवटी ‘धिस शोज दॅट’. हा साचा तिला शाळेतल्या बाईंनी शिकवला होता, कारण विचार आणि स्पेलिंग दोन्ही एकदम सांभाळताना तिची वाक्यं तुटायची. शब्दही ती तेच निवडते ज्यांचं स्पेलिंग पाठ आहे.

आता हे सॉफ्टवेअर काय बघतं? पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो, आणि वाक्यांची लांबी किती बदलते. शब्द अपेक्षित, वाक्यं एकसारखी, की संशय मशीनवर. म्हणजे जी काठी धरून ही मुलगी चालायला शिकली, तीच पुरावा ठरली! चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेही जानेवारी २०२३ मध्ये असं ओळखयंत्र काढलं होतं. कंपनीच्याच चाचणीत ते माणसाचं ९ टक्के लिखाण एआयचं ठरवत होतं, आणि एआयचं जेमतेम २६ टक्के पकडत होतं. जुलैमध्ये ते बंद केलं.

म्हणून तपासणाऱ्याने टक्केवारीवर निकाल देऊ नये. आधी मुलीचं जुनं लिखाण मागवावं. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, त्याआधीच्या वहीत हाच साचा दिसला तर बरंच काही उलगडतं. मग गुगल डॉक्समध्ये File > Version history > See version history उघडावं. खोडाखोड, चुकलेली स्पेलिंगं, हळूहळू वाढलेला मजकूर तिथे दिसतो. पण इथेही सांभाळून. अशी बरीच मुलं बोलून टाईप करतात, तेव्हा अख्खा परिच्छेद एकदम उमटतो आणि कुठूनतरी चिकटवल्यासारखा वाटतो. त्याबद्दल आधी विचारावं.

“माझ्यासमोर बसून लिहून दाखव” हा उपाय मात्र नकोच. घड्याळ लावून हाताने लिहिणं हीच तर डिस्लेक्सियातली अडचण. तिथे ती अडखळली, तर त्यातून चोरी कशी सिद्ध होणार? मोठ्याने वाचायला लावणंही तसंच.

त्यापेक्षा विषयावर बोलावं. प्रश्न आदल्या दिवशी द्यावेत, उत्तर तोंडी घ्यावं, घरचं किंवा ओळखीचं कुणी सोबत बसू द्यावं. शेवटी एका मॅडमनी हेच केलं. “हे उदाहरण कुठून घेतलंस बेटा?” एवढंच विचारलं. मुलीने मामूंच्या दुकानाचा हिशेब वीस मिनिटं समजावून सांगितला, आणि असाइनमेंटवरचा शेरा निघाला.

साचा अजून तोच आहे. आता फक्त ती पहिल्या पानावर लिहिते की मी बोलून टाईप करते, आणि कच्चे मसुदे सोबत जोडते.