तक्त्याची यादी करताना

माझी मामेबहीण पुण्यात धनकवडीला राहते आणि शाळेत शिकवते. गेल्या दिवाळीच्या आधी तिची जुनी स्कूटर दमली, तेव्हा ती दोन शोरूम फिरून एक तक्ता घेऊन आली. डावीकडे पेट्रोलची स्कूटर, उजवीकडे इलेक्ट्रिक, मधे सात ओळी. "दादा, सगळं लिहिलंय, पण काही कळत नाही," म्हणाली. तक्ता बरोबर होता आणि तिची तक्रारही बरोबर होती. आकडे गोल करून तो असा:

| बाब | पेट्रोल | इलेक्ट्रिक |
|---|---|---|
| ऑन-रोड किंमत | १,०५,००० रु. | १,३५,००० रु. |
| १०० किमीला लागते | सव्वादोन लिटर | साडेतीन युनिट |
| एकदा भरल्यावर | सुमारे २३० किमी | सुमारे १०० किमी |
| भरायला वेळ | पाच मिनिटे | पाच तास |
| वर्षाचे सर्व्हिसिंग | ३,००० रु. | १,५०० रु. |
| डिकी | २१ लिटर | २२ लिटर |
| वॉरंटी | इंजिन ५ वर्षे | बॅटरी ८ वर्षे किंवा ८०,००० किमी |

तक्ता कुणाची बाजू घेत नाही. '१०० किलोमीटर' हा नुसता आकडा आहे. तो फायदा की तोटा, हे त्या रकान्यात लिहिलेले नसते, कारण ते गाडीवर नाही, गाडी चालवणाऱ्यावर ठरते. फायदे-तोट्यांच्या यादीत मात्र प्रत्येक ओळीला बाजू घ्यावीच लागते. म्हणून तक्त्यातले आकडे उचलून दुसऱ्या कागदावर ठेवले की यादी झाली, असे होत नाही.

पहिली अडचण रकान्यांतच आहे. तक्त्याला दोन रकाने, यादीलाही दोन. त्यामुळे एकाच्या जागी दुसरा बसेल असे वाटते. पण तक्त्यातले रकाने दोन वस्तूंचे असतात आणि यादीतले एकाच निर्णयाच्या दोन बाजूंचे. बेंजामिन फ्रँकलिनने १९ सप्टेंबर १७७२ रोजी लंडनहून जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञ मित्राला लिहिलेल्या पत्रात हे स्पष्ट दिसते. प्रीस्टली तेव्हा लीड्समध्ये धर्मोपदेशक होता आणि लॉर्ड शेलबर्नने त्याला आपल्याकडे नोकरी देऊ केली होती. फ्रँकलिनने सल्ला दिला नाही, रीत सांगितली. कागदाच्या मधोमध रेघ मारायची, एका बाजूला 'प्रो' आणि दुसऱ्या बाजूला 'कॉन' लिहायचे, आणि तीन-चार दिवस जसजशी कारणे सुचतील तसतशी ती त्या-त्या बाजूला टिपत जायची. दोन्ही बाजूंची सारख्या वजनाची कारणे दिसली की दोन्ही खोडायची. एक कारण समोरच्या दोघांच्या तोडीचे असेल तर तिन्ही खोडायची. शेवटी शिल्लक कुठल्या बाजूला राहते ते बघायचे. इथे 'लीड्स विरुद्ध शेलबर्न' अशी दोन शीर्षके नाहीत. प्रश्न एकच आहे: जावे की नाही. (प्रीस्टली गेला. ऑक्सिजनवरचे त्याचे १७७४ मधले प्रयोग शेलबर्नच्याच वाड्यावर झाले.)

तेव्हा आधी तक्त्याच्या डोक्यावर एक प्रश्न लिहायला हवा. बहिणीचा प्रश्न होता, 'पेट्रोलची सोडून इलेक्ट्रिक घ्यावी का?' काहीच ठरवले नाही तर ती जे करेल ते गृहीत धरायचे. पेट्रोलची तिला सवयीची होती, म्हणून ती गृहीत. आता यादी फक्त इलेक्ट्रिकची. पेट्रोलला वेगळा रकाना नाही, ती मोजपट्टी आहे.

हे न करता बहुतेक जण दोन याद्या करतात, एक पेट्रोलची आणि एक इलेक्ट्रिकची, दोन्हींचे फायदे-तोटे वेगळे. मग 'इलेक्ट्रिकला खर्च कमी' हा तिकडचा फायदा होतो आणि 'पेट्रोलला खर्च जास्त' हा इकडचा तोटा. गोष्ट एकच, पण कागदावर दोनदा जमा झाली. वाण्याने एकच उधारी दोन पानांवर लिहावी तसे.

मग ओळी एकेक घेतल्या. डिकीची ओळ लगेच खोडली. एका लिटरच्या फरकाने तिच्या वह्या मावायच्या राहत नाहीत. तक्त्यात अशी ओळ असायलाच हवी, कारण तिथे सगळे दिसले पाहिजे. यादीत मात्र जिथे फरक नाही त्या ओळीला जागा नाही.

इंधनाची ओळ तशीच उचलली तर 'कमी युनिट लागतात' असे काहीतरी निरर्थक वाक्य होते. यादीत किंमत नाही, किमतीतला फरक लिहायचा, आणि तोही या घराच्या वापरावर काढून. शाळा, बाजार, क्लास मिळून ती दिवसाला २४ किलोमीटर चालवते, वर्षातले तीनशे दिवस. म्हणजे ७,२०० किलोमीटर. लिटरला ४५ किलोमीटर आणि १०५ रुपये धरले तर पेट्रोल १६० लिटर, १६,८०० रुपये. इलेक्ट्रिकला वर्षाला २५२ युनिट. युनिटचा दर तिने वीजबिलाच्या रकमेला एकूण युनिटने भागून काढला होता, आणि ही चूक फार जण करतात. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, आणि स्कूटरसाठी लागणारे महिन्याचे एकवीस युनिट घरच्या वापराच्या वर पडतात. म्हणून सरासरी दर धरायचा नाही, वरच्या टप्प्याचा धरायचा. आम्ही बारा रुपये धरले. तरी वर्षाचे ३,०२४ रुपयेच झाले. वाचले सुमारे १३,८००.

सर्व्हिसिंगचे दीड हजार यात मिळवले तर वर्षाला साधारण १५,३००. आणि सुरुवातीला जास्त द्यायचे तीस हजार. हे तिघेही रुपयेच आहेत, मग यादीत तीन ओळी कशाला? फ्रँकलिनची खोडण्याची रीत इथे अगदी चपखल बसते. तीस हजार दोन वर्षांत फिटतात, म्हणून तोट्यातली किंमत आणि फायद्यातली बचत एकमेकांवर खोडून एकच ओळ उरते: तिसऱ्या वर्षापासून वर्षाला पंधरा हजारांची बचत. कर्जाने घेणार असेल तर व्याजाने हा काळ थोडा लांबतो. ती रोखीने घेणार होती.

उरलेल्या ओळींपैकी दोन जोडीने आल्या: एकदा भरल्यावर किती जाते आणि भरायला किती वेळ लागतो. तक्त्यात त्या वेगळ्या आहेत, पण त्यांचा त्रास एकच आहे, वाटेत बॅटरी संपण्याचा. दोन्ही तोट्यात लिहिल्या तर एकच काळजी दुप्पट दिसते. रोजच्या २४ किलोमीटरला ही काळजीच नाही. चार दिवसांनी रात्री लावायची, आणि पाच तास लागोत की सात, माणूस झोपलेले असते. प्रश्न फक्त सासरचा. सासर भोरला, साधारण पन्नास किलोमीटर, महिन्यातून एकदा. जाऊन-येऊन शंभर, म्हणजे बॅटरी काठावर. मुक्काम असेल तर तिथे चार्जिंग होते, त्याच दिवशी परतायचे असेल तर नाही. म्हणून यादीत ओळ गेली ती 'रेंज कमी' अशी नाही, तर 'भोरला जाऊन त्याच दिवशी परतता येणार नाही' अशी. तोटा असा लिहिला की त्याचे वजन आपोआप दिसते. पहिल्या रूपात तो डोंगराएवढा होता, दुसऱ्यात वर्षातल्या पाच-सहा रविवारांएवढा.

सगळ्यात फसवी ओळ वॉरंटीची. पाचापुढे आठ, म्हणून तिने ती फायद्यात टाकली होती. पण तक्त्यात मोठा आकडा म्हणजे चांगले असे नसते. वॉरंटी संपल्यावर इंजिनाची दुरुस्ती थोडी-थोडी होते. हा सुटा भाग, तो सुटा भाग, कोपऱ्यावरचा मेकॅनिकही करतो. बॅटरी गेली तर बहुधा सगळी बदलावी लागते आणि ती गाडीतली सर्वांत महाग वस्तू असते. शिवाय 'आठ वर्षे किंवा ऐंशी हजार' यात जे आधी येईल ते लागू. वर्षाला ७,२०० किलोमीटरने ऐंशी हजाराला अकरा वर्षे लागतील, म्हणजे तिच्यासाठी आठ वर्षेच खरी. गाडी सात-आठ वर्षांत विकणार असेल तर ही ओळ फायद्याची. जुनी स्कूटर तिने चौदा वर्षे वापरली होती. तेव्हा ओळ तोट्यात गेली.

एवढे झाल्यावर यादी अशी उरली:

| इलेक्ट्रिक घेण्याचे फायदे | तोटे |
|---|---|
| तिसऱ्या वर्षापासून वर्षाला सुमारे १५ हजारांची बचत | भोरला जाऊन त्याच दिवशी परतता येणार नाही |
| पंपावर थांबावे लागणार नाही | आठ वर्षांनंतर बॅटरीचा मोठा खर्च एकदम |

सात ओळींच्या चार झाल्या, आणि त्यातली पंपाची ओळ तर तक्त्यात नव्हतीच.

यादी बरोबर झाली की नाही हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. प्रश्न उलटा करायचा: 'इलेक्ट्रिक सोडून पेट्रोलची घ्यावी का?' मग प्रत्येक ओळ रेघ ओलांडून पलीकडच्या बाजूला जायला हवी, शब्द थोडे बदलून. एखादी ओळ जागची हलत नसेल तर ती फरक नसून नुसती माहिती आहे, डिकीसारखी. आणि उलट्या यादीत नवे काही सुचले तर आधीची अपुरी होती. बहिणीने उलटे लिहायला घेतले आणि फायद्यांच्या बाजूला पटकन लिहून गेली, 'पार्किंगमध्ये पॉइंट लागत नाही.'

मग दोघेही गप्प झालो. ती तिसऱ्या मजल्यावर राहते, बॅटरी गाडीत पक्की बसवलेली, काढून वर नेता येत नाही. खालच्या पार्किंगमध्ये विजेचा पॉइंट नाही. ही गोष्ट तक्त्यात नव्हती, कारण तो तक्ता शोरूमच्या माहितीपत्रकांवरून उतरवलेला होता आणि माहितीपत्रकाला तिची सोसायटी माहीत नाही. तोट्यांत पाचवी ओळ म्हणून ती लिहिली असती तर तेही चुकलेच असते. पंधरा हजारांच्या बचतीवर ती खोडता येत नाही. चार्जिंगच होणार नसेल तर उरलेल्या चारही ओळी वाचण्यात अर्थ नाही. अशी गोष्ट दोन्ही रकान्यांत बसत नाही, ती रेघेच्या वर लिहायची, अट म्हणून. फ्रँकलिनच्या रीतीत त्यासाठी जागा नाही, कारण त्याच्या लेखी सगळीच कारणे तागडीत घालता येण्याजोगी होती.

ही रीत दोन पर्यायांपुरतीच चालते, तेही सांगून टाकतो. तिसरी गाडी आली की 'कशाच्या तुलनेत' हा प्रश्न दोन तोंडांनी उभा राहतो. तिथे तक्ताच ठेवावा, किंवा आधी एक पर्याय बाद करून मग यादी करावी.

कागदाच्या वरच्या बाजूला तिने लाल पेनाने लिहिले, 'सोसायटीची परवानगी, वेगळा मीटर', आणि खाली सेक्रेटरींचा नंबर. त्या दिवशी ते गावाला गेले होते. कागद तिने फ्रिजवर लावला आणि जुन्या स्कूटरचा प्लग बदलून आणला.