हे मत नेमकं कोणाचं?

दहावीपर्यंत मराठी शाळा, अकरावी-बारावी लातूरला, बी.ए. नांदेडला आणि आता ब्रिटनमध्ये विकास-अभ्यासात एम.ए. माझी वाटही अशीच होती, म्हणून तिकडे गेलेली आपल्याकडची मुलं अधूनमधून फोन करतात. यंदा उदगीरकडच्या एका मुलीबरोबर मी बरेचदा वाचायला बसलो. तिची तक्रार होती, "दादा, शब्द न् शब्द कळतो, तरी वर्गात बोलले की सर म्हणतात, लेखक असं म्हणतच नाही."

तिथला एम.ए. एका वर्षाचा. दर आठवड्याला तीन-चार विषय, प्रत्येकाचे दोन-तीन लेख 'आवश्यक' म्हणून दिलेले, त्याखाली 'आणखी वाचा'ची लांबलचक यादी. आवश्यक तेवढंच धरलं तरी दोनशे पानं सहज होतात. त्यामुळे सगळे वेग वाढवायच्या मागे लागतात. माझ्या मते खरी अडचण वेगाची नाही. बारावीपर्यंत पाठ्यपुस्तकातली प्रत्येक ओळ खरी आणि प्रत्येक ओळीवर प्रश्न येऊ शकतो, अशा हिशेबानं आपण वाचलेलं असतं. लातूरच्या सराव परीक्षांत तेच कामाला येतं. तिकडच्या लेखात मात्र पानंच्या पानं दुसऱ्याचं म्हणणं नीट मांडलेलं असतं, ते पुढे खोडायचं असतं म्हणून. पाठ्यपुस्तकाच्या सवयीनं वाचणारा तो पूर्वपक्षच लेखकाचं मत म्हणून उतरवून घेतो.

अमर्त्य सेन यांच्या १९८१ सालच्या 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स'मधलं बंगालच्या १९४३च्या दुष्काळावरचं प्रकरण आम्ही घेतलं. तिच्या वहीत पहिलीच नोंद होती : तांदळाचा पुरवठा घटला म्हणून दुष्काळ पडला. हे म्हणणं सरकारी चौकशी आयोगाचं. सेन ते आधी मांडतात आणि मग आकडे काढतात. १९४३चा पुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा जेमतेम ५ टक्क्यांनी कमी होता आणि १९४१पेक्षा उलट १३ टक्क्यांनी जास्त. १९४१ला तर दुष्काळ नव्हता. म्हणजे कारण दुसरीकडे शोधायला हवं. तांदळाचा भाव भडकला, शेतमजुराची मजुरी तिथंच राहिली, त्यामुळे धान्य असूनही त्याला ते घेता येईना. तिची नोंद प्रकरणाच्या बरोबर उलट झाली होती आणि तीही एकही शब्द न अडता.

मग क्रम बदलला. आधी शेवटचा भाग, मग प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद, कारण लेखक काय सिद्ध करणार ते बहुधा तिथं सांगून टाकतो. त्यानंतर मधली पानं, हातात पेन्सिल घेऊन. दुसऱ्याचं म्हणणं चालू असेल तिथं समासात 'पू', लेखक स्वतः बोलू लागला की 'ले'. 'इट इज आर्ग्यूड' किंवा 'द कमिशन हेल्ड' दिसलं की 'पू'ची शक्यता. 'हाउएव्हर', 'इन फॅक्ट' आलं की बहुतेक बाजू पालटते. शब्दकोश नंतर, तोही 'ले'च्या ओळीत अडलं तरच. शेवटी पुस्तक मिटून मराठीत तीन वाक्यं : लेखक कोणाच्या विरुद्ध बोलतो, काय म्हणतो, पुरावा कोणता. पहिलं वाक्य जमलं नाही तर वाचन झालेलंच नाही, असं खुशाल समजावं. निबंधात वापरायचं वाक्य मात्र तिथंच इंग्रजीत, पान क्रमांकासकट आणि अवतरणचिन्हांत उतरवून ठेवावं. नाहीतर महिन्याभरानं आपलं वाक्य कुठलं नि लेखकाचं कुठलं हे कळत नाही, आणि तिकडे उचलेगिरीचा नियम फार कडक असतो.

पुढच्या आठवड्यात ज्याँ द्रेझ यांचा महाराष्ट्रातल्या १९७०-७३च्या दुष्काळावरचा लेख होता. तो तिनं एका बैठकीत संपवला. पिकं बुडाली तरी मोठ्या प्रमाणावरचे भूकबळी टळले, कारण सरकारनं गावोगाव कामं काढली आणि ऐन भरात सुमारे ५० लाख माणसं त्या कामांवर होती, हा त्यातला युक्तिवाद. तिच्या आजीनं त्याच कामांवर खडी फोडली होती. सुकडी आणि मिलो तिनं घरात ऐकलेले. "आजी म्हणायची, धान्य दुकानात होतं, हातात पैसा नव्हता," ती म्हणाली, "म्हणजे सेन हेच म्हणतात ना?" तेव्हापासून मी सांगतो की यादीत आपल्या भागावरचा लेख असेल तर तो आधी घ्या. विषय ओळखीचा असला की लेखक कोणाशी भांडतोय ते लगेच ध्यानात येतं, आणि तोच वाद परक्या देशावरच्या लेखातही ओळखू येऊ लागतो.

हे सगळीकडे चालत नाही. फुकोसारखा लेखक दुसऱ्याचं आणि स्वतःचं असं वेगळं करून देत नाही; तिथं दहा पानांना एक संध्याकाळ गेली तरी ती द्यावी आणि त्या आठवड्यातला दुसरा एखादा लेख फक्त सुरुवात-शेवट वाचून सोडावा. संख्याशास्त्राच्या तक्त्यांनी भरलेल्या लेखात अडचण इंग्रजीची नसतेच. तिथं आधी तक्ता वाचायला शिकावं लागतं, आणि त्यासाठी विभागातले शिकवणी-तास असतात, ते पहिल्याच सत्रात गाठावेत.