बिल्ला दिला की जबाबदारी आली

आज बोलायचं आहे दुसऱ्याचं सामान सांभाळण्याबद्दल. पैठणच्या नाथषष्ठीला लांबलांबून दिंड्या येतात. पाठीवर पिशवी घेऊन गोदावरीत स्नान करता येत नाही आणि दर्शनाच्या रांगेतही उभं राहता येत नाही. म्हणून सामान ठेवायची सोय लागते. रेल्वे स्टेशनवर जिला क्लोक रूम म्हणतात, तीच ही सोय. बचत गटाला तीन दिवसांत चार पैसे मिळवून देणारं हे काम आहे. खोली भाड्यानं घ्यायची, बिल्ले करायचे आणि पिशवीमागे वीस रुपये घ्यायचे.

पण एखादी पिशवी हरवली तर? भरपाई कुणी करायची, हे भांडून ठरत नाही. ते कायद्यानं ठरलेलं आहे आणि तो कायदा दीडशे वर्षांपूर्वीचा आहे. भारतीय करार कायदा, १८७२. त्यात 'निक्षेप' नावाचं एक प्रकरण आहे. निक्षेप म्हणजे ठरलेल्या कामासाठी आपली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणं आणि काम झालं की ती परत घेणं. मालकी देणारीचीच राहते, ताबा मात्र घेणारीकडे जातो. शिंपीणबाईकडे दिलेलं ब्लाउजचं कापड, लॉन्ड्रीत टाकलेली साडी, गिरणीत ठेवलेला ज्वारीचा डबा, हे सगळं निक्षेपातच येतं.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्या एका गटानं षष्ठीला अशी खोली चालवली. भिंतीवर पाटी लावली, 'सामान आपापल्या जबाबदारीवर ठेवावे.' बिल्ल्याच्या मागेही तेच छापलं. एका माऊलीनं आपली पिशवी दिली, वीस रुपये दिले आणि ४७ नंबरचा बिल्ला घेतला. पिशवीत दोन लुगडी, एक ब्लँकेट आणि पितळी टाळ होते. दुपारी खोलीवर दोघी जणी होत्या. एक जेवायला गेली. दुसरी दार नुसतं ओढून पाणी आणायला गेली आणि पंधरा मिनिटांनी परतली. संध्याकाळी माऊली आली तर ४७ नंबरची पिशवी जागेवर नव्हती.

हा प्रश्न बायकांपुढे ठेवला की साधारण चार उत्तरं येतात.

पहिलं: सामान आपण घेतलं, मग काहीही झालं तरी भरपाई द्यायलाच हवी.

दुसरं: पाटी लावली होती, बिल्ल्यावर छापलं होतं, मग आपल्यावर काहीच येत नाही.

तिसरं: वीस रुपयांत किती सांभाळायचं? थोड्या पैशाला थोडी जबाबदारी. फुकट ठेवलं असतं तर तीही नाही.

चौथं: आपण नीट काळजी घेतली होती की नाही यावर ते ठरेल, आणि घेतली होती हे आपल्यालाच दाखवावं लागेल.

बरोबर उत्तर चौथं आहे. पण बाकीची तीन का चुकतात हे कळल्याशिवाय चौथ्याचा उपयोग होत नाही. म्हणून एकेक पाहू.

पहिलं उत्तर मनाला पटतं, पण कायदा तेवढं मागत नाही. कलम १५१ सांगतं की साधारण शहाणं माणूस तशाच परिस्थितीत, तेवढ्याच मोलाच्या स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी सांभाळणाऱ्यानं घ्यायची. आणि कलम १५२ सांगतं की तेवढी काळजी घेऊनही वस्तू गेली, तर वेगळा काही करार केलेला नसेल तर तो जबाबदार नाही. समजा दाराला चांगलं कुलूप होतं, रात्री दोघी जणी पहाऱ्याला होत्या, आणि तरी चोरांनी मागची भिंत फोडून सामान नेलं. अशा वेळी गट भरपाईतून सुटू शकतो. आपण स्वतःच्या घरालाही याहून जास्त काही करत नाही.

दुसरं उत्तर सगळ्यात जास्त ऐकू येतं. पाटी लावली की सुटलो, असं वाटतं. दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेलाचंही हेच म्हणणं होतं. १९९८ साली तिथं एका पाहुण्यानं आपल्या गाडीची चावी हॉटेलच्या माणसाकडे दिली आणि गाडी चोरीला गेली. चावी घेताना दिलेल्या चिठ्ठीवर गाडी मालकाच्या जबाबदारीवर असल्याचं छापलेलं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१९ साली न्यायालयानं सांगितलं की गाडी ताब्यात घेतल्यावर स्वतःच्या किंवा नोकरांच्या हलगर्जीपणाची जबाबदारी अशा छापील ओळीनं झटकता येत नाही. आपल्या मुंबई उच्च न्यायालयानंही लॉन्ड्रीच्या एका खटल्यात असाच विचार केला होता. पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेल्या अटी गिऱ्हाइकानं सही करून मान्य केलेल्या नसतील, तर त्या आपोआप करार ठरत नाहीत. आपल्या माऊलीनं तर बिल्ला नऊवारीच्या ओच्यात खोचला आणि रांगेत जाऊन उभी राहिली. मागचं वाचायला तिला सवड कुठली!

तिसऱ्या उत्तरात आपण पुष्कळदा फसतो. देवाच्या कामाला फुकट सोय केली, मग आमचं काय देणं, असं आपण म्हणतो. पण कलम १५१ मध्ये 'निक्षेपाच्या सर्व बाबतींत' असे शब्द आहेत. पैसे घेतले काय, न घेतले काय, काळजीचं माप एकच. माप ठरतं ते वस्तूवरून. कांद्याचं पोतं ओसरीवर ठेवलं तर चालतं, पैठणी कपाटातच ठेवावी लागते.

आता चौथं उत्तर ४७ नंबरला लावून पाहू. गर्दीच्या दिवसांत, दाराशी शेकडो माणसं असताना, एखादी शहाणी बाई स्वतःचं सामान उघड्या खोलीत टाकून पंधरा मिनिटं गेली असती का? नसती गेली. एक जेवायला गेली यात काही वावगं नाही. दुसरी गेली तेव्हा दाराला कुलूप नव्हतं, तिथं काळजी कमी पडली. शिवाय माऊलीला एवढंच दाखवायचं आहे की मी पिशवी दिली आणि ती मला मिळाली नाही. त्याला बिल्ला पुरेसा आहे. त्यानंतर आत काय घडलं ते फक्त गटालाच माहीत असतं, म्हणून काळजी घेतली होती हे दाखवायचं ओझं गटावर येतं. इथं ते दाखवता येत नाही. भरपाई द्यावी लागेल.

ही भरपाई पाणी आणायला गेलेल्या एकटीनं द्यायची का? माऊलीच्या दृष्टीनं नाही. तिनं सामान गटाकडे दिलं होतं. गटाच्या कामावर बसलेल्या बाईची चूक ती गटाचीच चूक. रक्कम मात्र वस्तूच्या त्या दिवशीच्या किमतीवरून ठरते. चार वर्षं नेसलेल्या लुगड्याला नव्या लुगड्याचा भाव मिळत नाही.

समजा माऊली पुढं म्हणाली, 'पिशवीत माझी सोन्याची पोत होती.' आता? तिनं ठेवताना हे सांगितलं नव्हतं. गटानं काळजी घ्यायची ती कपड्यांच्या पिशवीची, सोन्याची नव्हे, कारण सोनं आहे हे माहीतच नव्हतं. त्यात पोत होती हे सिद्ध करणंही तिच्याच अंगावर. अशी भरपाई मिळणं फार अवघड. म्हणून पिशवी घेतानाच विचारायचं, 'मावशी, यात दागिना, रोकड आहे का? असेल तर काढून जवळ ठेवा.' हे विचारून वहीत लिहून ठेवलं तर दोघींचंही भलं होतं.

आणखी दोन प्रसंग नेहमी घडतात. एक म्हणजे बिल्ला न पाहता 'ती निळी पिशवी माझी' म्हणणाऱ्याच्या हाती सामान देणं. ते चुकीच्या माणसाला गेलं तर गटाला बचाव करणं जवळजवळ अशक्य. बिल्ला हरवला असेल तर आत काय काय आहे ते आधी विचारायचं, मग पिशवी उघडून पाहायचं, ओळखपत्र बघायचं आणि सही किंवा अंगठा घ्यायचा. दुसरा प्रसंग वेळेचा. पाटीवर रात्री दहापर्यंत लिहिलं आणि आठलाच कुलूप लावून घरी गेलात. माऊली नऊला येऊन परत गेली आणि रात्री खोलीला आग लागली. आग तुम्ही लावली नाही. तरीही कलम १६१ प्रमाणे सांभाळणाऱ्याच्या चुकीनं वस्तू ठरल्या वेळी परत मिळाली नाही, तर तिथून पुढच्या नुकसानीला तोच जबाबदार असतो.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. ताबा खरोखर दिलेला असायला हवा. १९३८ साली छापल्या गेलेल्या मद्रास उच्च न्यायालयाच्या एका निकालात एका बाईनं सोनाराकडे दागिने मोडून नवे करायला दिले होते. रोज संध्याकाळी ती अर्धवट झालेले दागिने सोनाराच्याच खोलीतल्या पेटीत ठेवायची आणि किल्ली स्वतःबरोबर घेऊन जायची. एका रात्री दागिने चोरीला गेले. न्यायालय म्हणालं, किल्ली तिच्याकडे, म्हणजे ताबाही तिच्याकडेच होता. सोनारावर जबाबदारी आली नाही. तेव्हा नुसती जागा देणं वेगळं आणि वस्तू हातात घेणं वेगळं.

उद्या पिशवी तुमची हरवली तर हेच सगळं तुमच्या बाजूनं लागू होतं. बिल्ला परत देऊ नका, त्याचा फोटो काढा. आत काय होतं त्याची यादी करून त्याच दिवशी लेखी तक्रार द्या आणि प्रतीवर पोच घ्या. चोरीचा संशय असेल तर पोलिसांतही तक्रार द्या. पैसे देऊन घेतलेली सेवा असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथं बाईला उत्पन्न न विचारता मोफत मदत मिळते.

आणि सामान आपल्याकडे असेल तर? खोलीला कुलूप आणि किल्ली एकीच्याच कमरेला. दार कधीही एकटं नाही. वहीत बिल्ला नंबर, नाव, मोबाइल, पिशवीचा रंग, देण्याची आणि नेण्याची वेळ. उद्या कुणी विचारलं की काळजी घेतली होती का, तर आपल्या वतीनं ती वहीच बोलणार आहे.